एंड-प्लेटला बेरीज का लागत नाही आणि मोटर न्यूरॉनला का लागते: आकडेमोडीसकट

फर्स्ट इयरची मुलं दरवर्षी एकच प्रश्न घेऊन येतात, मग ती कळव्याची असोत नाहीतर नेरूळची. "सर, सायनॅप्स सायनॅप्सच ना, मग मसलजवळ एका इम्पल्सला एक आकुंचन ठरलेलं आणि स्पायनल कॉर्डमधे शंभर इम्पल्स आले तरी न्यूरॉन फायर होईल की नाही याची खात्री नाही, असं का?" प्रश्न अगदी योग्य आहे. याचं उत्तर पाठ करायला गेलात तर विसरणार, पण कागद-पेन घेऊन एकदा आकडे मांडलेत तर विसरणार नाही. म्हणून इथे आपण तेच करणार आहोत. आधी मसलकडचा सायनॅप्स, मग तो बिघडला की काय होतं, आणि त्यानंतर मोटर न्यूरॉन.

पायरी १: एका पुडीची किंमत काढा

मोटर नर्व्हच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन व्हेसिकलमधे भरलेलं असतं, एकेका व्हेसिकलमधे काही हजार रेणू. नर्व्ह अगदी शांत असतानाही अधूनमधून एखादं व्हेसिकल आपोआप फुटतं आणि एंड-प्लेटवर, म्हणजे त्या टोकाखालच्या मसलच्या मेम्ब्रेनवर, एक छोटासा डिपोलरायझेशन दिसतो. लंडनमधे फॅट आणि कात्झ यांनी १९५२ साली बेडकाच्या मसलमधे हे नीट दाखवलं. साधारण अर्धा मिलीव्होल्टचे हे ठिपके त्यांना दिसले, त्यांना मिनिएचर एंड-प्लेट पोटेन्शिअल म्हणतात. मग १९५४ मधे देल कास्तिलो आणि कात्झ यांनी बाहेरचं कॅल्शियम कमी करून आणि मॅग्नेशियम वाढवून नर्व्हला स्टिम्युलस दिला, तर उत्तर पायऱ्यापायऱ्यांनी आलं, कधी शून्य, कधी एक ठिपका, कधी दोन, कधी तीन, पण दीड कधी नाही. म्हणजे ट्रान्समीटर सुट्टा सुट्टा येत नाही, पुड्यांमधे येतो.

इथून पुढे दोनच आकडे लक्षात ठेवायचेत. एका इम्पल्सला किती पुड्या फुटल्या तो आकडा, आणि एका पुडीने किती मिलीव्होल्ट मिळाले तो आकडा. पहिला नर्व्हच्या टोकावर ठरतो आणि मुख्यतः कॅल्शियमवर अवलंबून असतो, दुसरा मसलच्या बाजूला किती रिसेप्टर शिल्लक आहेत आणि कोलिनएस्टरेज ॲसिटिलकोलिन किती पटकन तोडतंय यावर. नर्व्ह आणि मसल जिथे भेटतात त्या जंक्शनचा कुठलाही आजार, कुठलंही विष समोर आलं की आधी विचारायचं की यातला कुठला आकडा पडलाय.

पायरी २: निरोगी जंक्शनचा हिशोब

माणसात एका इम्पल्सला साधारण २० ते ५० पुड्या फुटतात, बेडकात शंभराच्या वर जातात. आपण हिशोबासाठी ४० धरू, एका पुडीचे १ मिलीव्होल्ट धरू, मसलचं रेस्टिंग उणे ८० आणि फायर व्हायला १२ मिलीव्होल्ट वर यावं लागतं असं धरू. खऱ्या फायबरमधे हे आकडे थोडे इकडेतिकडे असतात पण हिशोबाची जात हीच राहते.

४० गुणिले १ म्हणजे ४० मिलीव्होल्ट, असं पटकन लिहून मोकळे होऊ नका. ॲसिटिलकोलिनचा चॅनेल उघडला की मेम्ब्रेन शून्याच्या आसपास जायला बघतो, म्हणजे सुरुवातीला ८० मिलीव्होल्टची ओढ असते, पण मेम्ब्रेन जसजसा वर येतो तसतशी ओढ कमी होते आणि शेवटच्या पुडीला पहिल्या पुडीएवढा भाव मिळत नाही. याचं करेक्शन सोपं आहे. साध्या गुणाकाराला (१ अधिक साधा गुणाकार भागिले ८०) ने भागायचं. ४० भागिले १.५, म्हणजे सुमारे २६.७ मिलीव्होल्ट. गरज होती १२ ची. म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त, आणि यालाच सेफ्टी फॅक्टर म्हणतात.

आता तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं. एकाच इम्पल्समधल्या चाळीस पुड्यांची बेरीज तर होतेच, पण ती एकाच नर्व्हच्या एकाच टोकाखाली, मिलीसेकंदाच्या आत उरकते. दुसऱ्या इम्पल्सची वाट बघावी लागत नाही, शेजारच्या नर्व्हची मदत लागत नाही, आणि मोठ्या माणसाच्या बहुतेक मसल फायबरला मुळात नर्व्हचं टोक एकच असतं. शिवाय कोलिनएस्टरेज क्लेफ्टमधलं, म्हणजे नर्व्ह आणि मसलच्या मधल्या फटीतलं, ॲसिटिलकोलिन इतक्या लवकर साफ करतं की एंड-प्लेट पोटेन्शिअल काही मिलीसेकंदांत ओसरतो. सेकंदाला ५० इम्पल्स जरी आले तरी दोघांत २० मिलीसेकंद जातात, तोपर्यंत आधीच्याचं जवळपास काही उरलेलं नसतं.

इथे एक गोंधळ मात्र जवळजवळ प्रत्येक बॅचमधे होतो. सेकंदाला ३०-४० स्टिम्युलस दिले की मसल एकसंध ताणून धरतो, टेटॅनिक आकुंचन, आणि मुलं त्याला जंक्शनवरचं टेम्पोरल समेशन, म्हणजे लागोपाठच्या इम्पल्सची बेरीज, म्हणून लिहितात. ते तसं नाही. तिथे बेरीज होते ती फोर्सची, कारण एक ट्विच पन्नास ते शंभर मिलीसेकंद किंवा त्याहून जास्त टिकतो आणि पुढचा ॲक्शन पोटेन्शिअल त्याआधीच येऊन पोचतो. प्रत्येक ॲक्शन पोटेन्शिअल मात्र स्वतंत्रच असतो आणि त्याच्यामागे स्वतंत्र, पूर्ण आकाराचा एंड-प्लेट पोटेन्शिअल असतो.

पायरी ३: तोच हिशोब पेशंटवर चालवा

समजा घणसोलीची तिशीतली एक बाई आहे, ठाण्याला नोकरी, रोज ट्रान्सहार्बरने जा-ये. सकाळी ठीक असते, संध्याकाळी परत येताना डावी पापणी खाली येते, मोबाईलवर एकाचे दोन दिसतात, आणि घरी जेवताना शेवटचे घास चावायला जड जातात. झोपून उठलं की पुन्हा बरं. हे चित्र मायस्थेनिया ग्रेव्हिसचं आहे, त्यात शरीर स्वतःच्याच ॲसिटिलकोलिन रिसेप्टरविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. नर्व्हचं टोक चांगलं आहे, पुड्या तेवढ्याच फुटतात, पण रिसेप्टर कमी झाल्यामुळे एका पुडीची किंमत पडली. समजा १ ची ०.४ मिलीव्होल्ट झाली.

पहिला इम्पल्स: ४० गुणिले ०.४ म्हणजे १६, करेक्शन करून १६ भागिले १.२, सुमारे १३.३. गरज १२ ची, म्हणजे फायबर फायर झाला. जेमतेम, पण झाला. म्हणूनच सकाळी ती ठीक असते.

आता न्यूरोलॉजीवाले काय करतात बघा. नर्व्हला सेकंदाला ३ या वेगाने स्टिम्युलस देतात, म्हणजे रिपिटिटिव्ह नर्व्ह स्टिम्युलेशन. सावकाश का? कारण टोकाशी लगेच सुटायला तयार असलेल्या पुड्यांचा साठा मर्यादित असतो आणि मागून नवीन पुड्या पुढे यायला काही सेकंद लागतात. तीनच्या वेगाने साठा घटत जातो. उलट खूप भरभर दिलं, सेकंदाला दहाच्या वर, तर आधीच्या इम्पल्सचं कॅल्शियम टोकात शिल्लक असतानाच पुढचा येतो आणि जास्त पुड्या सोडायला भाग पाडतो, मग साठा घटल्याचा परिणाम झाकला जातो. उरलेलं कॅल्शियम शंभर-दोनशे मिलीसेकंदांत आवरलं जातं, आणि ३ च्या वेगात दोन स्टिम्युलसमधे ३३३ मिलीसेकंद मिळतात, म्हणून हा वेग निवडलाय.

तर समजा पुड्या अशा पडल्या: ४०, ३४, ३०, २८, आणि मग तिथेच थांबल्या.

निरोगी माणसात २८ गुणिले १ म्हणजे २८, करेक्शन करून २०.७. अजूनही १२ च्या कितीतरी वर, एकही फायबर गळत नाही. या बाईत दुसऱ्या स्टिम्युलसला ३४ गुणिले ०.४ म्हणजे १३.६, करेक्शन करून ११.६. गेला, फायबर फायर झालाच नाही. तिसऱ्याला १०.४, चौथ्याला ९.८. पुड्या दोघांच्या सारख्याच घटल्या, पण एकाकडे उशी होती आणि दुसरीकडे नव्हती. थकव्याचं सगळं गुपित या एका वजाबाकीत आहे.

स्क्रीनवर मात्र एकदम शून्य दिसत नाही. त्वचेवरच्या इलेक्ट्रोडला हजारो फायबरची मिळून एक लाट दिसते, तिला लॅबमधे सीमॅप म्हणतात, आणि प्रत्येक फायबरचं नुकसान वेगवेगळं असतं म्हणून काही गळतात, काही टिकतात आणि लाट हळूहळू खुजी होते. पहिल्या लाटेपेक्षा चौथी-पाचवी १० टक्क्यांहून जास्त लहान झाली तर डिक्रिमेंट धरतात.

आता औषधाचा हिशोब. पिरिडोस्टिग्मिन दिलं की कोलिनएस्टरेज मंदावतं, ॲसिटिलकोलिन क्लेफ्टमधे जरा जास्त वेळ फिरतं, उरलेल्या रिसेप्टरना पुन्हा पुन्हा भेटतं, आणि पुडीची किंमत समजा ०.५५ होते. चौथा स्टिम्युलस: २८ गुणिले ०.५५ म्हणजे १५.४, करेक्शन करून १२.९. लाइन पार झाली. रिसेप्टर एकही वाढला नाही, अँटिबॉडी तशाच आहेत, म्हणून या गोळीने आराम पडतो पण आजाराच्या मुळाला हात लागत नाही.

टेस्ट कुठे फसते हे माहीत असायला हवं, कारण चुकीचं "नॉर्मल" आलं की पेशंट सहा महिने भलत्याच उपचारांत फिरतो. सगळ्यात पहिलं म्हणजे हात गार असणं. एसी लॅब, पावसातून भिजून आलेला पेशंट, बोटं थंडगार. थंडीत कोलिनएस्टरेज मंदावतं, म्हणजे गोळी न देताच गोळीसारखा परिणाम होतो आणि डिक्रिमेंट गायब. त्यामुळे हात ३२-३३ डिग्रीपर्यंत गरम करूनच सुरुवात करायची. (पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवून ती वर येते का बघतात, ती टेस्टही थंडीचाच हा फायदा घेते.) दुसरं, पेशंट सकाळची गोळी घेऊन आलाय का हे विचारा. सुरक्षित असेल तर डॉक्टर टेस्टच्या आधी साधारण १२ तास ती थांबवतात, मात्र गिळायला किंवा श्वासाला त्रास असलेल्या पेशंटने हे स्वतःच्या मनाने अजिबात करायचं नाही. तिसरं, त्रास फक्त डोळ्यांचा असेल तर हाताच्या मसलमधे टेस्ट बऱ्याचदा नॉर्मल येते, म्हणून चेहऱ्याचा किंवा खांद्याचा मसल तपासायचा. आणि इलेक्ट्रोड सरकला, हात हलला तरी लाट बदलते. खऱ्या डिक्रिमेंटमधे सगळ्यात मोठी घट पहिल्या आणि दुसऱ्या लाटेत असते, मग कमी कमी होत थांबते, आपल्या ४०-३४-३०-२८ सारखी. लाटा वेड्यावाकड्या उड्या मारत असतील तर आधी चिकटपट्टी तपासा.

पायरी ४: पुड्यांचा आकडा पडला तर

इथे आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. पावसाळ्यात येऊरच्या पायथ्याच्या वस्तीत माणूस जमिनीवर झोपलेला असतो, रात्री मण्यार चावतो, दुखत नाही, सूज नाही, आणि पहाटे पापण्या मिटायला लागतात. नाग चावला तरी पापण्या मिटतात. वरून दोन्ही सारखेच, पण हिशोबात वेगळे. नागाचं न्यूरोटॉक्सिन मुख्यतः रिसेप्टरवर जाऊन बसतं, म्हणजे पुडीची किंमत पडते, मायस्थेनियासारखंच, म्हणून पिरिडोस्टिग्मिनसारख्याच निओस्टिग्मिनने फरक दिसू शकतो. मण्यारच्या विषातलं बीटा-बंगारोटॉक्सिन नर्व्हच्या टोकावर हल्ला करतं, पुड्या फुटणंच बंद होतं आणि पुढे टोकच खराब होतं. पुड्याच नाहीत तर ॲसिटिलकोलिन वाचवून काय वाचवणार, म्हणून तिथे निओस्टिग्मिनचा उपयोग सहसा होत नाही. अँटिव्हेनम लवकर हवंच, पण एकदा खराब झालेलं टोक त्याने परत येत नाही, ते नव्याने वाढेपर्यंत व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवावा लागतो आणि त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून मण्यारच्या केसमधे "औषध लागू पडत नाही" म्हणून कुणी हातपाय गाळू नयेत. श्वास सांभाळला तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो.

पायरी ५: आता मोटर न्यूरॉनच्या घरात जा

१९५१ मधे एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरीच्या स्पायनल कॉर्डमधल्या मोटर न्यूरॉनमधे बारीक काचेचा इलेक्ट्रोड घातला आणि चित्र एकदम वेगळं निघालं. गुडघ्यावर हातोडी मारली की मसलचा ताण मोजणाऱ्या स्पिंडलमधून जे फायबर येतात, वन-ए फायबर, त्यांतल्या एकाच्या एका इम्पल्सने मोटर न्यूरॉनमधे सरासरी ०.१ मिलीव्होल्टच्या आसपास ईपीएसपी, म्हणजे फायर होण्याकडे नेणारा छोटा पोटेन्शिअल, येतो. जंक्शनवर २६ मिळत होते, इथे ०.१. रेस्टिंग उणे ७० आणि थ्रेशोल्ड उणे ६० धरलं तर १० मिलीव्होल्ट हवेत, म्हणजे एकाच वेळी शंभर फायबर. आणि मांजरीच्या पोटरीतल्या एका मसलकडून वन-ए फायबर येतात सुमारे ६०. सगळे एकत्र बोलले तरी ६ मिलीव्होल्ट.

उरलेले ४ कुठून? शेजारच्या मदतनीस मसलकडून, इंटरन्यूरॉनकडून, वरून मेंदूकडून. हेच स्पेशियल समेशन. गुडघ्याचा रिफ्लेक्स येत नसेल तर पेशंटला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगतात, येन्द्राशिकची युक्ती, आणि रिफ्लेक्स उठून येतो. हातोडी तेवढीच, स्पिंडलवरचा ताण तेवढाच, पण काठाच्या खाली अडकलेले न्यूरॉन आता काठावर येतात. यामागे एकच कारण नाही, पण आपल्या हिशोबाला एवढं पुरेसं आहे.

पायरी ६: वेळेची बेरीज

मोटर न्यूरॉनचा मेम्ब्रेन म्हणजे बुडाला भोक असलेली बादली. ओतलेलं लगेच सगळं जात नाही, पण थांबतही नाही. गळतीचा वेग टाइम कॉन्स्टंटने मोजतात, इथे ५ मिलीसेकंद धरा. तेवढ्या वेळात ३७ टक्के उरतं.

समजा एका वेळी ४० फायबर एकत्र फायर होतात आणि ४ मिलीव्होल्ट देतात. पुढचा जथ्था ५ मिलीसेकंदांनी आला तर आधीच्यातले १.५ उरलेत, अधिक ४, म्हणजे ५.५. त्यापुढचा आला तर ६. मग कितीही वेळ चालू ठेवा, ६.३ च्या वर जाणार नाही, कारण जेवढं ओततोय तेवढंच गळतंय. न्यूरॉन गप्प. आता अंतर २ मिलीसेकंद करा, दर वेळी ६७ टक्के उरेल: ४, ६.७, ८.५, ९.७, १०.५. पाचव्याला फायर. आणि अंतर २० मिलीसेकंद केलं तर दोन टक्केसुद्धा उरत नाही, बेरीज शून्यात जमा.

म्हणजे "भरभर आले की बेरीज होते" एवढं लिहून पुरत नाही, भरभर म्हणजे टाइम कॉन्स्टंटच्या तुलनेत भरभर. आणि २ मिलीसेकंद म्हणजे सेकंदाला ५००, एवढा वेग एकटा फायबर सहसा टिकवत नाही. प्रत्यक्षात वेगवेगळे फायबर थोडे मागेपुढे फायर होतात आणि मिळून ते अंतर भरून काढतात. पुस्तकात स्पेशियल आणि टेम्पोरल वेगळ्या आकृत्यांत असतात, कॉर्डमधे दोन्ही एकाच वेळी चालतात.

पायरी ७: ब्रेक कसा लागतो

इथे सगळ्यात जास्त मार्क जातात. मुलं लिहितात, ईपीएसपी अधिक, आयपीएसपी, म्हणजे ब्रेकचा पोटेन्शिअल, उणे, वजाबाकी करा. करून बघू.

कंडक्टन्स म्हणजे उघड्या चॅनेलमधून करंट किती सहज जातो त्याचं माप. न्यूरॉनचा रेस्टिंग कंडक्टन्स १ धरा, तो उणे ७० कडे ओढतो. एक्सायटेटरी कंडक्टन्स ०.२, तो शून्याकडे ओढतो. मेम्ब्रेन येईल उणे ७० भागिले १.२, म्हणजे उणे ५८.३. वाढ ११.७, फायर. आता एकटा ब्रेक: इनहिबिटरी कंडक्टन्स १, तो उणे ७५ कडे ओढतो. उणे १४५ भागिले २, म्हणजे उणे ७२.५. फक्त अडीच मिलीव्होल्ट खाली. साधी वजाबाकी ११.७ उणे २.५ म्हणजे ९.२, काठाला लागून, थोडीशी मदत मिळाली तर फायर.

दोन्ही एकत्र घालून खरा हिशोब करा: उणे १४५ भागिले २.२, म्हणजे उणे ६५.९. वाढ फक्त ४.१! आयपीएसपी दिसायला एवढासा, पण त्याने बादलीचं भोक मोठं केलं, त्यामुळे एक्सायटेटरी करंट आला तसा बाहेर गेला. याला शंटिंग म्हणतात. कंडक्टन्स दुप्पट झाला की टाइम कॉन्स्टंटही ५ वरून अडीचवर येतो, म्हणजे वेळेची बेरीजही बिघडते. हा स्थिर अवस्थेचा हिशोब आहे आणि न्यूरॉनला एकच खोली मानलंय. खऱ्या न्यूरॉनमधे ब्रेक सेल बॉडीवर असेल तर डेंड्राइटवरून येणाऱ्या सगळ्यांना लागतो, आणि दूरच्या एका फांदीवर असेल तर मुख्यतः त्या फांदीपुरताच.

आपल्या मसलवर असा ब्रेक नाही. चिंबोरीच्या मसलला इनहिबिटरी नर्व्ह थेट येऊन मिळते, आपल्याला नाही. आपल्याला मसल थांबवायचा असेल तर मोटर न्यूरॉनलाच थांबवावं लागतं.

धनुर्वातात नेमका हाच ब्रेक जातो. टेटॅनस टॉक्सिन मोटर नर्व्हमधून उलट वर चढून कॉर्डमधे पोचतं आणि इनहिबिटरी टोकांतून ग्लायसीन आणि गाबा हे ब्रेकचे ट्रान्समीटर सुटू देत नाही. वरच्या हिशोबातला इनहिबिटरी १ काढून टाका, तीच ०.२ ची एक्सायटेशन आता ४.१ ऐवजी ११.७ देते. म्हणून दार आपटलं, लाइट लावला, एवढ्यावर पेशंटचा जबडा आणि पाठ आवळते, वाकवणारा आणि सरळ करणारा मसल दोन्ही एकदम. अशा पेशंटच्या जंक्शनवर सहसा डिक्रिमेंट सापडत नाही, तिथला ४० गुणिले १ चा हिशोब शाबूत असतो. म्हणूनच आयसीयूत झटके आवरेनासे झाले की जंक्शन रिसेप्टरवर औषध देऊन मुद्दाम बंद करतात आणि श्वास मशीनवर घेतात.